मावशीच्या टीव्हीचा आवाज

माझी मावशी कपडे दुरुस्त करते. नवीन कपडे शिवत नाही. "नवं कुणीही शिवेल," ती म्हणते, "बिघडलेलं नीट करायला डोकं लागतं." पँट आखूड करणं, जॅकेटची चेन बदलणं, बारीक झालेल्या माणसाचा कोट आत घेणं आणि जाड झालेल्याचा सैल करणं, ही तिची कामं. जाड झालेली गिऱ्हाईकं जास्त असतात आणि प्रत्येक जण कोट धुण्यात आटला असंच सांगतो. मावशी मान डोलावते. गिऱ्हाईकाचा अपमान करायचा नाही, हा तिचा नियम आहे. भाचीचा मात्र यथेच्छ करायचा.

तिचं घर दुसऱ्या मजल्यावर. एक खोली आणि एक स्वयंपाकघर. खोलीच्या मधोमध उभं कपाट, त्याच्या एका बाजूला पलंग आणि दुसऱ्या बाजूला मावशीचं जग: शिलाई मशीन, खिडकीजवळची खुर्ची आणि समोर टीव्ही. पलंगावर दिवसभर काका झोपलेले असतात. काकांना आळशी समजू नका. ते वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनवर आहेत. रात्री नऊ ते पहाटे पाच. लोक चहाबरोबर जी बातमी वाचतात ती काकांच्या हाताखालून ओली ओली बाहेर पडलेली असते. सकाळी सहाला ते घरी येतात, खातात आणि आठला झोपतात. दुपारी चारला उठतात.

नऊ वर्षांपूर्वी काकांचं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टर जरा फटकळ होते. म्हणाले, "रोज सलग सात तास झोप. ते जमत नसेल तर माझ्याकडे येऊ नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात जा." काका हसले. मावशी हसली नाही. त्या दिवसापासून तिने काकांच्या झोपेची जबाबदारी घेतली, आणि मावशीने जबाबदारी घेतली की बाकीच्यांचं काही खरं नसतं.

दारावरची बेल काढून टाकली. येणाऱ्याने दार नखाने खरवडायचं. आत आल्यावर चपला हातात घ्यायच्या. भांडी फडक्यावर ठेवायची. शिलाई मशीन चारच्या आधी सुरू करायचं नाही. तोपर्यंत हातशिलाई, बटणं, काजं, दुमडी. मी लहानपणापासून खळखळून हसणारी, तर मला त्या घरात हसायचंच असेल तर स्वयंपाकघरात जाऊन उशीत तोंड खुपसून हसावं लागे. त्यासाठी तिथे वेगळी उशी ठेवली होती. आणि टीव्ही मुका; चारनंतर मशीन आणि गिऱ्हाईकं, तेव्हा तर तो बंदच. नऊ वर्षं त्या टीव्हीने ब्र काढला नव्हता.

पण मावशी टीव्ही बघायची. रोज दुपारी दोन वाजता एक मालिका लागते. मोठं घर, चार भाऊ, चार जावा, आणि त्यातली थोरली जाऊ सगळ्यांच्या मुळावर उठलेली. नऊ वर्षांत नायिकेची तीन लग्नं झाली, त्यातली दोन एकाच माणसाशी. मावशी हातात सुई घेऊन ते सगळं बिनआवाजाचं बघायची आणि संवाद स्वतः रचायची. संध्याकाळी सहाच्या सुमारास जिन्यात तिची बैठक बसायची. खालच्या औषधांच्या दुकानातली बाई, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई आणि आणखी एक-दोघी. दुपारी दोनला सगळ्या कामावर. मालिकेत काय झालं ते त्यांना मावशीकडूनच कळायचं. मावशी थोरल्या जावेचा आवाज नाकातून काढायची, नायिकेचा रडवेला, आणि वकिलाचा तर असा, की औषधवालीला एकदा जिन्याच्या कठड्याला धरून बसावं लागलं. टीव्हीतली माणसं खरोखर काय बोलली होती ते कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणाला पडलेलंही नव्हतं.

मावशीला मात्र पडलेलं होतं. एके दिवशी पडद्यावर अक्षरं आली, शेवटचे पंधरा भाग. मी त्या दिवशी सुट्टी म्हणून तिच्याकडे होते. मावशीने सुई खाली ठेवली.

"संपणार," ती कुजबुजली. चार वाजेपर्यंत त्या घरात सगळं कुजबुजूनच व्हायचं.

"बरं झालं," मी कुजबुजले. "किती छळायचं त्या बाईला."

"तुला काय कळतंय. नऊ वर्षं मी त्या थोरलीचं तोंड बघतेय. एकदा तरी तिचा आवाज ऐकायचा होता गं. शेवट तरी कानांनी ऐकला असता."

"मग लाव की जरा बारीक आवाजात."

मावशीने माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू काकांना जिन्यावरून ढकलायला सांगितलं होतं. "बारीक आवाजात जाहिराती येत नाहीत," ती म्हणाली. "मध्येच ठणाणा करतात. त्यांची झोप मोडली आणि काही झालं, तर मी काय मालिकेचा शेवट घेऊन बसू?"

तिचं बरोबर होतं. पण ती मला वाईट वाटेल अशा आवाजात बोलली होती. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते आणि दिवसभर लोकांना 'आता दिसतंय का' विचारते. मावशीला ऐकू येण्याची सोय मी करायची, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्याच दिवशी बिनवायरचे हेडफोन आणले, गुबगुबीत, कानांवर बसणारे. आधी माझ्या मोबाइलला जोडून बघितले. झकास.

आणि मग रिमोट घेऊन टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले. चित्र, आवाज, भाषा, घड्याळ. ब्लूटूथ कुठेच नाही. पुन्हा वरपासून खालपर्यंत गेले. नाही म्हणजे नाही. मावशीने हेडफोन घातलेले, डोळे मोठे करून बसलेली. तेवढ्यात माझा मोबाइल खिशात थरथरला. मावशी खुर्चीतून ताडकन उठली.

"आत कुणाचा तरी फोन वाजतोय!" तिने कान धरून कुजबुजून सांगितलं.

हेडफोन अजून माझ्या मोबाइललाच चिकटलेले होते. मावशीने गडबडीत कानावरचं बटण दाबलं आणि माझ्या दुकानाच्या मालकांचा फोन तिच्या कानात सुरू झाला. पुढचं अर्धं मिनिट ती मालकांना "हळू बोला, माणूस झोपलाय" असं सांगत होती. मालकांनी मला नंतर काही विचारलं नाही, त्यांचे उपकार.

आमच्या गल्लीच्या टोकाला टीव्हीवाल्यांचं दुकान आहे. पस्तीस वर्षं ते टीव्ही दुरुस्त करताहेत आणि टीव्ही सोडून बाकी सगळ्या जगावर त्यांचा राग आहे. मी त्यांना मोबाइलवर टीव्हीच्या पाठीचा फोटो दाखवला.

"यात ब्लूटूथ नाहीच आहे, तर सापडणार कुठून?" ते म्हणाले. "टीव्हीचं वय बघा जरा." मग त्यांनी खणातून काडेपेटीएवढी काळी डबी काढली. "हा ट्रान्समीटर. टीव्हीतून आवाज याच्यात जातो, आणि हा तो आवाज हवेतून हेडफोनला पाठवतो. टीव्हीला काही कळायची गरज नाही. त्याला वाटतं, वायरचा हेडफोन लावलाय."

"म्हणजे टीव्हीला फसवायचं."

"टीव्हीला सगळेच फसवतात." त्यांनी फोटोवर नख टेकवलं. "ही लाल-पांढरी भोकं दिसताहेत? यात वायर घालू नका. ती आवाज आत घ्यायची आहेत. आपल्याला बाहेर येणारा हवाय. हे बघा, गोल भोक, शेजारी हेडफोनचं चित्र. इथे ही बारीक वायर. डबीला वीज लागते, ती शेजारच्या यूएसबीतून घ्या. टीव्ही चालू की डबी चालू. आणि डबीवर हे बटण आहे, टीएक्स आणि आरएक्स. टीएक्स म्हणजे पाठवणारा. आरएक्सवर ठेवलंत तर डबी स्वतःच ऐकत बसेल. मग हेडफोन जोडताना तुमच्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा, नाहीतर हेडफोन पुन्हा तुमच्याच गळ्यात पडेल."

मी सगळं तसंच केलं. टीव्ही भिंतीपासून हळूच पुढे ओढला, वायर गोल भोकात घातली, यूएसबी लावली, बटण टीएक्सवर. मोबाइलचं ब्लूटूथ बंद. हेडफोनचं बटण दाबून धरलं, लाल-निळा दिवा लुकलुकायला लागला. डबीचंही दाबलं, तीही लुकलुकली. दोघं शेजारी शेजारी ठेवले. दहा-बारा सेकंदांनी दोन्ही दिवे लुकलुकायचे थांबले आणि शांत निळे झाले. जोडी जमली.

"आला आवाज?" मी कुजबुजले.

"नाही."

मी वायर काढून पुन्हा घातली. जोडी तोडून पुन्हा जमवली. बटण आरएक्सवर करून बघितलं, पुन्हा टीएक्सवर आणलं. हेडफोन मी घातला, तिने घातला. अर्धा तास गेला, माझ्या नाकी नऊ आले. कपाटापलीकडे काका संथपणे घोरत होते आणि त्या घोरण्याखेरीज त्या खोलीत कसलाही आवाज नव्हता. शेवटी मी जिन्यात जाऊन टीव्हीवाल्यांना फोन लावला आणि त्यांची डबी खराब आहे असं ठणकावून सांगितलं.

"टीव्हीचा आवाज कितीवर आहे?" त्यांनी विचारलं.

मी दार ढकलून टीव्हीकडे नजर टाकली.

"हॅलो?"

"शून्यावर," मी म्हणाले. "शिवाय म्यूट आहे."

मग ते म्हणाले, "मॅडम, टीव्हीने तोंड मिटलं असेल तर डबी काय पाठवणार?"

नऊ वर्षांत त्या घरात म्यूट हे बटण राहिलंच नव्हतं, ती घराची रीत झाली होती. रिमोटवरचं ते चित्र पार पुसून गेलेलं. ते दाबून आवाज सुरू करता येतो हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही. मी कपाळावर हात मारला, आणि तोसुद्धा हळूच.

पण आता खरी परीक्षा होती. टीव्हीवाल्यांनी सांगितलं होतं, की वायर भोकात घातली की टीव्हीचे स्वतःचे स्पीकर आपोआप बंद होतात. मावशीचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. तिने रिमोट माझ्या हातात दिला, स्वतः टीव्हीच्या स्पीकरवर दोन्ही हातांनी कोट दाबून धरला आणि डोळे मिटले. मी म्यूट काढलं. काही नाही. आवाज एक केला, दोन, पाच, दहा. खोलीत चिडीचूप. आणि मावशीचे डोळे एकदम उघडले.

"आला," ती म्हणाली. "अगं, आला!"

वायरमधून डबीला पुरेसा आवाज मिळावा म्हणून टीव्ही सत्तरवर नेला आणि बाकीचं कमी-जास्त हेडफोनवरूनच करायला तिला शिकवलं. तिने कोट बाजूला ठेवला आणि खुर्चीत बसली. बातम्यांतली बाई बोलत होती, त्यात मावशीला काय रस, पण ती त्या बाईकडे अशी बघत होती की ती घरी आलेली नवी सून असावी. मला फार बरं वाटलं. मी स्वतःवर जाम खूश झाले, आणि ती खुशी चार मिनिटं टिकली.

"हे बिघडलंय," मावशी म्हणाली.

"काय बिघडलंय?"

"तोंड आधी हलतं. शब्द मागून येतात."

मी हेडफोन घालून बघितलं. मला तर सगळं एकत्रच वाटलं. "तुला भास होतोय," मी म्हणाले.

"मला भास? नऊ वर्षं मी माणसांची तोंडंच बघतेय. ओठ मिटतात आणि नंतर 'प' ऐकू येतो. ती बाई आणि तिचा आवाज वेगवेगळ्या गाड्यांनी आलेत."

दुसऱ्या दिवशी दोन वाजायच्या आधी टीव्हीवाले स्वतः घरी आले. मी फोनवर सांगितलेलं त्यांना पटलं नव्हतं. "आवाज हवेतून जाताना थोडा मागे पडतो, ते खरं," ते चपला हातात घेऊन जिन्यात म्हणाले. "पण सेकंदाचा पाचवा हिस्सा, फार तर चौथा. माझ्या एकाही गिऱ्हाईकाला आजवर कळलेलं नाही. माझ्या डबीला उशीर न करता पाठवता येतं, पण हेडफोनलाही ती युक्ती ठाऊक हवी. तुमच्या मॅडमनी आणलेल्याला नाही. ही युक्ती ठाऊक असलेला मी आणलाय. पण ताई, तुम्हाला फरक कळला तर मी धंदा सोडेन."

"सोडू नका," मावशी म्हणाली. "आमचा टीव्ही जुना आहे."

मालिका सुरू झाली. टीव्हीवाल्यांनी मावशीला पाठ फिरवायला लावून कधी हा हेडफोन जोडला, कधी तो, आणि वरून दोन्हींना एकेक फडकं गुंडाळलं. मावशी पडद्याकडे बघायची आणि दोन सेकंदांत सांगायची: उशिराचा. वेळेवरचा. उशिराचा. सहा वेळा झालं, सहाही वेळा बरोबर. टीव्हीवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पस्तीस वर्षांत प्रथमच त्यांना टीव्ही सोडून दुसऱ्या कुणाबद्दल आदर वाटत असावा.

"शेवटचं एकदा," ते म्हणाले आणि जोडी बदलायला डबीवरचं बटण चाचपण्यासाठी टीव्हीमागे हात घातला. त्यांच्या बाहीत वायर अडकली. हात बाहेर आला, त्याच्याबरोबर वायरही.

वायर निघाली आणि टीव्हीला वाटलं हेडफोन गेला, आता आपण बोलावं. तो सत्तरवर होता.

"विष देईन, पण घर देणार नाही!" थोरली जाऊ गरजली. खिडकीच्या काचा थरथरल्या. मागून ढोल, झांजा, वीज कडाडल्याचा आवाज. मी रिमोटवर झडप घातली आणि घाबरून चॅनेल बदललं; तिथे फुटबॉलचा सामना होता आणि नेमका गोल झाला होता. हजारो माणसं ओरडली. टीव्हीवाले वायर घेऊन भोक शोधत होते आणि त्यांना ते सापडत नव्हतं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी काठी आपटली. शेवटी मावशीने जाऊन भिंतीवरचं बटणच बंद केलं.

मग शांतता. आम्ही तिघं कपाटाकडे बघत उभे. पलीकडून आवाज आला, संथ, लांब. काका घोरत होते.

टीव्हीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. "गाढ झोप आहे साहेबांची," ते हळूच म्हणाले.

मावशी कपाटाला वळसा घालून पलंगापाशी गेली आणि काकांच्या डोक्याजवळ उभी राहिली. तिने एकदा टाळी वाजवली. मग जोरात वाजवली. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा काका झोपलेले असताना ती पूर्ण आवाजात बोलली: "अहो!"

काकांनी कूस बदलली आणि घोरणं पुढे चालू ठेवलं.

टीव्हीवाल्यांनी वायर जागेवर लावली, दुसरा हेडफोन टेबलावर ठेवला आणि काहीतरी काम आठवल्याचं सांगून निघून गेले. मावशी खुर्चीत बसली. मालिका संपेपर्यंत टीव्ही बंदच होता आणि तिने तो लावला नाही. मी काही विनोद करायला गेले, तिने बोट वर करून मला गप्प केलं.

चारला दोन मिनिटं असताना काकांच्या उशीखालचा मोबाइल थरथरला. गजर नाही, नुसती थरथर. मी सुट्टीत राहायला आले की दुपारी डुलकी काढायचे, ती मोडू नये म्हणून काका गजर लावत नाहीत, असं मावशी मला सांगायची. काका उठून बसले. समोर आम्ही दोघी.

मावशी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चहा ठेवू का?"

काका माझ्याकडे बघून हसले. "ही अशी भिंतीकडे तोंड करून का उभी आहे?"

मावशी वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि रागही भरपूर होता. "कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

काकांनी पायाने चपला शोधल्या, त्या घातल्या, पुन्हा काढल्या. "चार वर्षं झाली असतील," ते म्हणाले. "मशीनच्या शेजारी सगळ्यांचंच होतं ते. कानात घालायचे बोळे देतात, पण आमच्या वेळच्या माणसांपैकी कोण घालतं. आधी बारीक आवाज गेले. मग बरेच गेले. तू समोरून बोललीस की कळतं. तुझ्या तोंडाकडे बघत असतो."

"मला वाटायचं, माझ्याकडे बघता!"

"तेच की," काका म्हणाले.

मावशीला रडावं की हसावं ते कळेना, म्हणून ती भांडली. "आणि मला सांगायला काय झालं होतं? चार वर्षं मी मांजरीसारखी वावरतेय या घरात! भांडी फडक्यावर! मशीन बंद! ही पोर उशीत तोंड घालून हसते! सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होतो. रोजच सांगणार होतो. पण तू किती जपत होतीस, गं. दिवसा मध्येच कधी जाग आली तर तू बोटांवर चालताना दिसायचीस. ही बाई हे सगळं माझ्यासाठी करतेय, आणि आता हिला सांगायचं की त्याची गरजच नाही? तुला वाटलं असतं, सगळं फुकट गेलं. माझी हिंमत झाली नाही." त्यांनी कपाटापलीकडे टीव्हीच्या दिशेने बोट केलं. "डबी आली कळल्यावर मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, आता हिला तरी ऐकू येईल."

आता मात्र मावशी रडली. चांगली हमसून, मोठ्याने रडली. मी चहा ठेवायला गेले आणि मुद्दाम भांडी आपटली.

पुढचे आठ दिवस मी सगळ्यांवर हुकूम सोडले, कारण यात मी मावशीवर गेले आहे. काकांचे कान तपासून घेतले. तपासणाऱ्या बाईंनी आलेख दाखवून सांगितलं, की गेलेलं परत येणार नाही, पण कानाच्या मशीनने बरंच भागेल. ती मापाने बनून यायला दोन आठवडे लागतील. आणि छापखान्यात बोळे घालायचेच घालायचे. झोपेचं मात्र डॉक्टरांचंच म्हणणं कायम होतं. तीच सात तास. त्यावर मावशी हसून "घ्या की हवी तेवढी" म्हणाली.

मालिकेचा शेवटचा भाग नेमका काकांच्या सुट्टीच्या दिवशी आला. मी टीव्हीवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "त्या डबीला एकदम दोन हेडफोन जोडता येतात, फक्त दोन्ही त्याच जातीचे घ्या. आधी एक जोडा, मग दुसरा. प्रत्येकाचा आवाज ज्याच्या त्याच्या कानावर कमी-जास्त होईल." दुसरा हेडफोन ते स्वतःच घेऊन आले आणि परत न्यायचं विसरले. मुद्दाम विसरले असावेत.

दुपारी दोन वाजता मावशी आणि काका शेजारी शेजारी बसले, दोघांच्या कानांवर गुबगुबीत हेडफोन. काकांनी आपला आवाज पार वर नेला. मालिका सुरू झाली. मावशी पुढे वाकून ऐकत होती. थोरली जाऊ शेवटी नायिकेच्या पाया पडली, माफी मागितली, आणि सगळं घर एकत्र फोटोसाठी उभं राहिलं.

मावशीने हेडफोन काढला. "एवढंच?" ती म्हणाली. "नऊ वर्षं ही बाई एवढंच बोलत होती? 'मी चुकले'? मी हिला काय काय बोलायला लावलं होतं!"

काकांनीही हेडफोन काढून मांडीवर ठेवला. त्यांना बहुतेक सगळं ऐकू आलं होतं, पण ते काही पडद्याकडे बघत नव्हते. "मला ती दुसरी सांग," ते म्हणाले.

"कुठली दुसरी?"

"तू जिन्यात सांगतेस ती. मी संध्याकाळी दूध आणायला खाली उतरतो तेव्हा त्या बायका हसत असतात. एकदा तर औषधवाली कठड्याला लटकली होती. नऊ वर्षं बघतोय मी. तू काय बोलतेस ते आधी घाईत ऐकायचं राहिलं, नंतर ऐकू येईना. एवढं काय असतं त्यात?"

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. गल्लीतल्या सगळ्या बायकांना तिने ती गोष्ट सांगितली होती, मला सांगितली होती, एका वाण्यालाही वजन करता करता सांगितली होती. घरातल्या माणसाला मात्र कधी नाही, कारण तो झोपलेला असायचा आणि त्याला उठवायचं नव्हतं. ते त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं, आणि मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

तिने टीव्ही बंद केला. खुर्ची ओढली, फरशीवर करकर वाजली तरी उचलली नाही, आणि काकांच्या समोर, खिडकीतला उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी ठेवून बसली. "पहिल्यापासून सांगू?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून," काका म्हणाले. "मला आज कुठे जायचंय?"

मावशीने नाकातून आवाज काढला, थोरल्या जावेचा, चांगला खणखणीत. काकांना एक वाक्य कळलं नाही, त्यांनी कानाला हात लावला. तिने तेच पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने. काका हसायला लागले. मी पिशवी उचलली आणि दार ओढून बाहेर पडले, माझी तिथे कुणाला आठवणही नव्हती.

मी जिना उतरत होते तेवढ्यात शाळेतल्या बाई वरच्या मजल्यावरून धावत आल्या. त्यांचीही त्या दिवशी सुट्टी होती. केस विस्कटलेले, पायात चपला नाहीत.

"काय झालं गं? भर दुपारी तुमच्या घरातून केवढा आवाज येतोय! कुणाला काही झालं का?"

"काही नाही, बाई," मी म्हणाले. "मावशी काकांशी बोलतेय."